न पासून असमाधानापर्यंत

एका शब्दात एकच अक्षर घालायचे, कुठेही घालायचे, बाकीच्या अक्षरांचा क्रम मोडायचा नाही, आणि जे तयार होईल तो खरा शब्द असला पाहिजे. मग त्या नव्या शब्दात आणखी एक अक्षर. शब्दसाखळीच्या या कोड्याचा नियम एवढाच आहे. इंग्रजीत त्याचा सर्वांत गाजलेला नमुना ‘स्टार्टलिंग’ या नऊ अक्षरी शब्दाचा. त्यातला एल काढला की स्टार्टिंग उरते, दुसरा टी काढला की स्टेअरिंग, ए काढला की स्ट्रिंग, आर काढला की स्टिंग. पुढे टी गेला की सिंग, जी गेला की सिन, एस गेला की इन, आणि शेवटी एन गेला की ‘आय’ म्हणजे मी. नऊ अक्षरांपासून एका अक्षरापर्यंत प्रत्येक पायरीवर कोशातला शब्द आहे. हीच साखळी उलटी वाचली की ती एकेक अक्षर वाढवत जाणारी होते.

या कोड्याचे जवळचे भावंड जास्त प्रसिद्ध आहे. ‘ॲलिस’चा लेखक लुइस कॅरल याने 1879 मध्ये ‘व्हॅनिटी फेअर’ साप्ताहिकात ‘डब्लेट्स’ नावाचा खेळ सुरू केला. त्यात अक्षर वाढवायचे नसते, बदलायचे असते, त्यामुळे शब्दाची लांबी कायम राहते. अक्षर वाढवण्याचा खेळ त्याहून कडक आहे, कारण त्यात शब्द दर पायरीला लांबतो आणि भाषेत जसजसे लांब शब्द घ्यावेत तसतसे त्यांचे शेजारी विरळ होत जातात. इतिहास एवढा पुरे. मराठी वाचकासमोरचा खरा प्रश्न वेगळा आहे. हा खेळ मराठीत खेळायचा तर ‘एक अक्षर’ कशाला म्हणायचे? माझे उत्तर असे की काना, मात्रा, वेलांटी आणि जोडाक्षरासकट जे एका घरात बसते तेच एक अक्षर धरावे. तसे धरले तरच मराठीत हे कोडे उभे राहते.

मोजण्याच्या वाटा तीन आहेत. पहिली व्याकरणाची, म्हणजे वर्णांची. दुसरी संगणकाची, म्हणजे युनिकोडमधल्या सुट्या चिन्हांची. तिसरी लिहिणाऱ्या हाताची, म्हणजे पूर्ण अक्षरांची. तिन्हींची उत्तरे किती वेगळी येतात ते तीन जोड्यांवरून कळते. ‘मरण’ आणि ‘स्मरण’ घ्या. वर्णांच्या हिशेबाने त्यांत फक्त एक स् वाढला, म्हणून दुवा बसतो. संगणक मात्र दोन चिन्हे वाढलेली पाहतो, एक स आणि एक हलन्ताचे चिन्ह. अक्षरांच्या हिशेबाने दोन्ही शब्द तीन-तीन अक्षरांचेच आहेत, तेव्हा काही वाढलेच नाही. ‘कर’ आणि ‘कार’ घेतले तर संगणकाला एक काना वाढलेला दिसतो आणि तो दुवा मान्य करतो. वर्णांच्या हिशेबाने मात्र अ जाऊन आ आला, म्हणजे हा कॅरलचा बदलण्याचा खेळ झाला, वाढवण्याचा नव्हे. ‘मत’ आणि ‘मदत’ घेतले तर अक्षर एक वाढले, संगणकाचे चिन्हही एकच वाढले, पण वर्ण दोन वाढले, द् आणि अ.

आता ज्या साखळीवर या लेखाचा सगळा भार आहे ती पाहू. सुरुवात ‘न’ या एकाक्षरी शब्दापासून. ‘न बोलता’ मधला हा न कोशात स्वतंत्र अव्यय म्हणून असतो. त्याच्या आधी मा घातला की ‘मान’. मानाच्या आधी स घातला की ‘समान’. समानच्या पोटात, मा आणि न यांच्या मध्ये, धा घातला की ‘समाधान’. आणि त्याच्या आधी अ घातला की ‘असमाधान’. न, मान, समान, समाधान, असमाधान. एकापासून पाचापर्यंत एकही पायरी गळत नाही आणि प्रत्येक शब्द रोजच्या बोलण्यातला आहे. या साखळीतला सर्वांत मोलाचा दुवा समान ते समाधान हा. संगणकाची चिन्हे मोजली तर तिथे ध आणि काना अशी दोन चिन्हे वाढतात, वर्ण मोजले तर ध् आणि आ असे दोन वर्ण वाढतात. दोन्ही पद्धती हा दुवा नाकारतात. पूर्ण अक्षरांची पद्धत तेवढी तो ओळखते. तसेच ‘सारण’ ते ‘साधारण’ या दुव्याचे. रण, सारण, साधारण, असाधारण ही साखळीही पाच अक्षरांपर्यंत जाते, फक्त तिला एकाक्षरी पाया मिळत नाही, कारण र किंवा ण हा मराठीत स्वतंत्र शब्द नाही.

अशी साखळी शोधायची कशी हेही पाहण्यासारखे आहे. वाढवत जाण्याचा मार्ग मराठीत फार महाग पडतो. ‘समान’मध्ये अक्षर घालायला चार जागा आहेत आणि बाराखडीतली अक्षरेच चारशेच्या वर भरतात. जोडाक्षरे वेगळीच. म्हणजे सोळाशेहून जास्त शक्यता तपासाव्या लागतील. उलट वरून खाली आले तर काम बोटांवर मोजण्याइतके राहते. पाच अक्षरांच्या शब्दातून एकेक अक्षर काढायचे म्हणजे फक्त पाच तपासण्या. ‘असमाधान’वर हे करून पाहू. अ काढला की समाधान, हा शब्द आहे. स काढला की ‘अमाधान’, मा काढला की ‘असधान’, हे दोन्ही शब्द नव्हेत. धा काढला की ‘असमान’, हा शब्द आहे. न काढला की ‘असमाधा’, हा नव्हे. पाचांपैकी दोन वाटा खुल्या राहिल्या, आणि समाधानातून धा काढा किंवा असमानमधून अ काढा, दोन्ही वाटा ‘समान’वरच येऊन मिळतात. समानमधून स काढला तर मान उरतो आणि मा काढला तर ‘सन’ उरतो. दोन्हींच्या तळाशी पुन्हा तोच न आहे. संगणकाला हेच काम सांगायचे तर कोशातले शब्द लांबीनुसार लावून घ्यायचे, प्रत्येक शब्दातून एकेक अक्षर गाळायचे आणि उरलेला तुकडा आधीच्या यादीत आहे का एवढे पाहायचे.

पहिला आक्षेप असा येईल की पूर्ण अक्षर हे माप फार ढोबळ आहे, म्हणून इंग्रजीत नऊ पायऱ्या चढता येतात तिथे मराठीत पाचांवरच दम लागतो. पायऱ्या कमी होतात हे खरे आहे. पण पायरीची उंचीही पाहिली पाहिजे. असमाधान या शब्दाचे वर्ण शास्त्राप्रमाणे मोजले तर ते नऊ भरतात, म्हणजे ‘स्टार्टलिंग’च्या अक्षरांइतकेच. चढ तेवढाच, फक्त पायऱ्या उंच. शिवाय या मापाची सवय मराठी वाचकाला नव्याने लावायची नाही. वर्तमानपत्रातल्या शब्दकोड्यात एका चौकटीत ‘स्म’ किंवा ‘धा’ पूर्ण लिहितात, मात्रेसाठी वेगळी चौकट कोणी सोडत नाही. मोठ्या अभंगाच्या पहिल्या तीन चरणांत सहा-सहा आणि चौथ्यात चार अक्षरे असतात, तीही याच हिशेबाने मोजलेली. या मापाचा आणखी एक फायदा कानाला कळतो. इंग्रजी साखळीत स्टार्टिंग, स्टेअरिंग, स्ट्रिंग या तीन पायऱ्यांवर एकच अक्षर गेले तरी उरलेल्या शब्दाचा आवाज बदलतो, ती साखळी डोळ्यांची आहे. मत आणि मदत, वन आणि वजन यांत जुनी अक्षरे जवळजवळ आपापल्या आवाजात राहतात. मराठी साखळी न लिहिता, नुसती बोलूनही खेळता येते.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. मराठीत अ, वि, प्र, सं असे उपसर्ग एकेका अक्षराचे आहेत. त्यामुळे वचन, प्रवचन किंवा दान, प्रदान, संप्रदान अशी साखळी व्याकरणच तयार करून देते, कोडे सोडवणाऱ्याला डोके फारसे लढवावे लागत नाही. प्रत्यय धरले तर ‘असाधारण’पुढे ‘असाधारणत्व’ही लावता येईल. क्रियापदांत तर मध्ये अक्षर घालण्याचीही सोय आहे: बसणे आणि बसवणे, हसणे आणि हसवणे, फसणे आणि फसवणे. हा आक्षेप मला मान्य आहे, पण त्यावर उपाय माप बदलण्याचा नाही, दुव्यांची प्रत लावण्याचा आहे. ज्या दुव्यातले दोन शब्द एकमेकांपासून बनलेले नाहीत तो अव्वल. समानमधून समाधान बनत नाही, मतातून मदत येत नाही, सरण आणि सरपण दोन्ही लाकडांशी निगडित असले तरी प हे काही प्रत्ययाचे अक्षर नव्हे. चांगल्या साखळीत असा पोटात अक्षर घालणारा एक तरी अव्वल दुवा असावा, आणि उपसर्ग किंवा प्रत्ययाचा एकच प्रकार पुन्हा वापरू नये. रूपांना मात्र बंदीच हवी. घर, घरचा अशी विभक्तीची रूपे चालवली तर कोडे उरतच नाही.

सर्वांत अवघड अडचण कोशाची आणि शुद्धलेखनाची आहे, आणि तिला पुरता उपाय नाही. मोल्सवर्थच्या 1857 च्या कोशात तत्सम शब्द ऱ्हस्व लिहिलेले आहेत. तिथे ‘कवि’ सापडतो, त्यापुढे ता जोडला की ‘कविता’, दुवा बिनचूक. मराठी साहित्य महामंडळाच्या 1962 च्या नियमांनी अंती येणारा इकार आणि उकार दीर्घ केला. आता शब्द ‘कवी’ असा लिहितात, कविता मात्र ऱ्हस्वच राहिली, आणि वी व वि ही दोन वेगळी अक्षरे झाल्यामुळे तोच दुवा तुटला. यादीत जुना आणि नवा कोश एकत्र मिसळला तर अर्धी साखळी एका शुद्धलेखनात आणि अर्धी दुसऱ्यात उभी राहते. संधीनेही असेच होते. वरणाच्या आधी आ लागून ‘आवरण’ होते, पण ‘अनावरण’ म्हणताना तो आ ना मध्ये विरघळतो. त्यामुळे मूळ शब्द उघड दिसत असूनही दुवा नियमात बसत नाही. संगणकाकडून साखळ्या काढून घेणाऱ्याने आधी दोन जोड्या घालून पाहाव्यात. यंत्राने ‘कर’ला ‘कार’शी जोडले तर ते अक्षरे नव्हे, सुटी चिन्हे मोजते आहे असे समजावे. ‘समान’ला ‘समाधान’शी जोडले नाही तरीही दोष तोच. युनिकोडच्या 15.1 या 2023 च्या आवृत्तीपासून देवनागरी जोडाक्षर एकसंध धरण्याचा नियम आला आहे, पण जुनी साधने तो पाळत नाहीत, म्हणून ‘प्र’ किंवा ‘क्ष’ असलेले शब्द हाताने तपासलेले बरे.

मुलांच्या मासिकांसाठी आणि रविवारच्या पुरवण्यांसाठी कोडी रचणाऱ्यांना म्हणून माझे सांगणे एवढेच. कोड्याच्या डोक्यावर तीन ओळी छापा: अक्षर म्हणजे मात्रेसकट पूर्ण अक्षर, शब्द अमुक एका कोशातला आणि आजच्या लेखनातला, विभक्तीची रूपे बाद. एवढे केले की मराठीत ही साखळी इंग्रजीच्या तोडीची होते. पाचांच्या पुढे, सहा अक्षरांपर्यंत, एकाही प्रत्ययाच्या आधाराशिवाय जाणारी साखळी ज्या वाचकाला सापडेल, त्याने ती जरूर छापायला द्यावी.