तपासलेलं आणि न तपासलेलं

ब्रिटनमधल्या टीएसबी बँकेने एप्रिल 2018 मधल्या एका शनिवार-रविवारी आपल्या 52 लाख ग्राहकांची खाती जुन्या संगणकप्रणालीतून नव्या प्रणालीत हलवली. खात्यांची माहिती नव्या जागी व्यवस्थित पोचली. 22 तारखेला, रविवारी संध्याकाळी नवी प्रणाली ग्राहकांसाठी उघडली आणि गोंधळ सुरू झाला. अनेकांना लॉगिन होईना. काहींना भलत्याच माणसाची खाती दिसू लागली. शाखांमधली आणि फोनवरची सेवाही कोलमडली. कारभार पूर्वपदावर यायला डिसेंबर उजाडला. तक्रारी आल्या एकूण 2 लाख 25 हजार 492.

अशी बातमी वाचली की आपण पटकन म्हणतो, ‘यांनी तपासून पाहिलं नव्हतं का?’ तपासलं होतं, आणि पुष्कळ तपासलं होतं. त्यामुळे विचारायचं ते असं की ‘आता पुरे, उघडा’ हे कोणी ठरवलं आणि कशाच्या आधारावर?

हा निर्णय अवघड आहे, कारण सॉफ्टवेअरची चाचणी स्वतःहून कधी संपत नाही. दहा अंकी खाते क्रमांकाची एकच चौकट घ्या. त्यात 1000 कोटी वेगवेगळे आकडे बसू शकतात. सेकंदाला हजार तपासले तरी 115 दिवस लागतील, आणि तपासून होईल ती फक्त एक चौकट, तीही एका मोबाइलवर, एका वेळी एकच माणूस वापरत असताना. म्हणून टेस्टर निवडक गोष्टी तपासतो आणि कुठे थांबायचं ते माणसांना ठरवावं लागतं. ते ठरवण्यासाठी ज्या अटी आधी लिहून ठेवतात, त्यांना या धंद्यात एक्झिट क्रायटेरिया म्हणतात. चाचणी सुरू करण्याआधी पुऱ्या व्हायला हव्यात अशा अटी म्हणजे एंट्री क्रायटेरिया.

समजा, एका पतसंस्थेचं नवं मोबाइल ॲप येतंय. त्याच्या एक्झिट क्रायटेरियात काय असावं? पैसे इकडून तिकडे जातात अशी प्रत्येक चाचणी झालेली आणि उत्तीर्ण असावी. गंभीर दोष एकही शिल्लक नसावा. किरकोळ दोष राहिले तर त्यांची यादी असावी आणि प्रत्येकापुढे तात्पुरता उपाय लिहिलेला असावा. एक तारखेला, पगाराच्या दिवशी, एकाच वेळी तीन हजार सभासद आत आले तरी शिल्लक रक्कम तीन सेकंदांत दिसली पाहिजे, आणि हे दोन तास टिकलं पाहिजे. शेवटची अट बहुतेक ठिकाणी विसरली जाते. काही बिनसलं तर जुन्या प्रणालीवर परत कसं जायचं, याची एकदा प्रत्यक्ष रंगीत तालीम झालेली असावी.

यातली प्रत्येक अट ‘हो’ किंवा ‘नाही’ अशी तपासता येते, हे लक्षात घ्या. ‘ॲप वेगवान असावं’ ही अट नव्हे, कारण रिलीजच्या आदल्या रात्री दमलेल्या माणसाला सगळंच वेगवान वाटतं. अटी चाचणी सुरू होण्याआधी लिहायच्या असतात, त्याचं कारणही हेच. तेव्हा तारीख अजून अंगावर आलेली नसते.

एंट्री क्रायटेरियाकडे लोक कागदी सोपस्कार म्हणून बघतात. माझ्या मते खरी पडझड इथूनच सुरू होते. डेव्हलपरकडून आलेलं बिल्ड घेताना टेस्टरने आधी स्मोक टेस्ट करायची असते. ॲप उघडतंय का, लॉगिन होतंय का, एक व्यवहार टोकापर्यंत जातोय का, एवढंच अर्ध्या तासात पाहायचं. ते होत नसेल तर बिल्ड परत पाठवायचं. सोबत चाचणीचा सर्व्हर खऱ्या सर्व्हरसारखा मांडलेला हवा आणि चाचणीसाठीची माहितीही खऱ्यासारखी हवी, म्हणजे त्यात बंद पडलेली खाती, संयुक्त खाती आणि मयत सभासदाचे वारस हे सगळं आलं पाहिजे. यातलं काहीच नसताना ‘वेळ नाही, सुरू करा’ म्हणून चाचणी सुरू केली, तर पहिले दोन आठवडे ॲपचे दोष सापडत नाहीत, सर्व्हरच्या मांडणीतले सापडतात. पुढे सर्व्हर बदलला की आधीचे सगळे निकाल पुन्हा तपासावे लागतात, आणि त्यासाठी कोणी दिवस राखून ठेवलेले नसतात.

आता आकडे. रिलीजच्या बैठकीत पडद्यावर येतं, ‘98 टक्के चाचण्या उत्तीर्ण.’ सगळ्यांचे चेहरे खुलतात. ठरलेल्या चाचण्या होत्या 500. त्यातल्या प्रत्यक्षात झाल्या 400. त्यातल्या 392 उत्तीर्ण. 400 पैकी 392 म्हणजे 98 टक्के, हे खरंच आहे. पण ठरलेल्या 500 पैकी धरलं तर ते 78 टक्क्यांच्या जरा वर भरतं. न झालेल्या शंभर चाचण्या कोणत्या, हे तर त्या पडद्यावर येतच नाही. अनेकदा त्या सर्वांत अवघड असतात, कारण सोप्या आधी उरकलेल्या असतात.

दुसरा आकडा रोज सापडणाऱ्या नव्या दोषांचा. सुरुवातीला रोज वीस सापडत होते, आता रोज दोन सापडतात, म्हणजे प्रणाली स्थिरावली, असा अर्थ काढला जातो. तो बरोबर असू शकतो. पण त्या आठवड्यात तीन दिवस चाचणीचा सर्व्हरच बंद होता का, हे विचारायलाच हवं. नव्या दोषांची संख्या त्या दिवशी किती चाचण्या झाल्या त्याच्याशेजारी ठेवली, तरच ती काही सांगते.

आणखी एक खूण मी स्वतः अनेकदा पाहिली आहे. अट असते ‘गंभीर दोष शून्य’. शेवटच्या गुरुवारी असे सात दोष उघडे असतात. शुक्रवारी सकाळी शून्य असतात. दुरुस्ती एकाचीही झालेली नसते. रात्री एक कॉल झालेला असतो आणि सातही दोषांची सेव्हेरिटी ‘हाय’वरून ‘मीडियम’ केलेली असते. एखादा दोष आधी चुकून वरच्या पायरीवर टाकला गेलेला असू शकतो, पण सात एकदम नसतात. दोष नोंदवण्याच्या टूलमध्ये प्रत्येक बदलाची तारीख आणि बदलणाऱ्याचं नाव राहतं, त्यामुळे हे ओळखणं सोपं आहे. शेवटच्या आठवड्यात कोणते दोष खाली उतरले, याची यादी मागवायची, बस.

अट पुरी झाली नाही म्हणजे रिलीज थांबलाच पाहिजे, असं नाही. तारीख पुढे ढकलता येते, कच्चा भाग बाजूला ठेवून बाकीचं देता येतं, किंवा आधी शंभर सभासदांनाच ॲप देऊन पाहता येतं. कधी धोका पत्करूनही पुढे जातात. तसं जायचं तर कोणती अट सुटली, त्यामुळे काय होऊ शकतं आणि तो धोका कोणी स्वीकारला, हे नावानिशी लिहिलं जावं. धोका दाखवणं हे टेस्टरचं काम. स्वीकारायचा की नाही, हे धंद्याची जबाबदारी ज्याच्यावर आहे त्याने ठरवायचं. टेस्टरकडून ‘साइन-ऑफ’ घेऊन नंतर त्यालाच दोषी धरणं अन्यायाचं आहे.

हे सगळं मनात ठेवून टीएसबीकडे परत जाऊ. ही बँक 2013 मध्ये लॉइड्सपासून वेगळी झाली, पण प्रणाली लॉइड्सचीच भाड्याने वापरत होती. 2015 मध्ये स्पेनच्या साबादेल बँकेने ती विकत घेतली आणि आपल्या प्रोतेओ प्रणालीवर आधारलेली नवी प्रणाली तिच्यासाठी उभारायला घेतली. काम साबिस या साबादेलच्याच तंत्रज्ञान कंपनीकडे होतं. पहिली तारीख होती नोव्हेंबर 2017. ती गाठता येत नाही हे दिसल्यावर नवं वेळापत्रक आखलं गेलं.

पुढे स्लॉटर अँड मे या लॉ फर्मने बँकेच्या संचालक मंडळासाठी स्वतंत्र चौकशी केली. तिचा अहवाल नोव्हेंबर 2019 मध्ये प्रसिद्ध झाला आणि तो कोणालाही वाचता येतो. काही कामं सात महिन्यांपर्यंत मागे पडलेली असताना नवी तारीख फक्त चार महिने पुढे कशी, हे मंडळाने विचारलं नाही, असं त्यात म्हटलं आहे. उरलेले दिवस पुरावेत म्हणून एकामागून एक करायचे चाचणीचे टप्पे एकाच वेळी चालवले गेले. आधीचा टप्पा संपल्याशिवाय पुढचा सुरू करायचा नाही, ही एंट्री क्रायटेरियाची मूळ कल्पना तिथे सुटली.

सगळ्यात बोलकी गोष्ट डेटा सेंटरची. नवी प्रणाली दोन डेटा सेंटरमधून एकाच वेळी चालणार होती आणि ग्राहकांचा भार दोघांवर वाटला जाणार होता. भार किती पेलतो हे पाहणाऱ्या चाचण्या मात्र एकाच केंद्रावर झाल्या. दोन्ही केंद्रं सारखीच मांडलेली आहेत, तेव्हा एकाचा निकाल दुसऱ्याला लागू, असं गृहीत धरलं गेलं. प्रत्यक्षात त्यांची मांडणी सारखी नव्हती. खरे ग्राहक आत येईपर्यंत तो फरक उघड झाला नाही. ‘भार चाचणी उत्तीर्ण’ ही अट कागदावर पुरी दिसत होती, पण ती कुठे घेतली हे अटीत नव्हतं.

साबिसने तयारीची खात्री देणारं पत्र दिलं होतं. पण साबिस स्वतः इतर अनेक पुरवठादारांवर अवलंबून होती, आणि त्यांच्याकडून आलेल्या कित्येक खात्र्या ‘तयार होऊ अशी अपेक्षा आहे’ अशा भविष्यकाळातल्या होत्या. प्रत्यक्ष केलेल्या चाचणीचा निकाल आणि होईल अशी आशा, दोन्ही एकाच फाइलमध्ये शेजारी ठेवलेली होती. नवी प्रणाली सुरू करण्याचा निर्णय घेणाऱ्यांनी दोन्हींना सारखंच वजन दिलं.

डिसेंबर 2022 मध्ये ब्रिटनच्या दोन नियामक संस्थांनी बँकेला मिळून 4 कोटी 86 लाख 50 हजार पौंडांचा दंड केला. त्याआधीच बँकेने ग्राहकांना 3 कोटी 27 लाख पौंड भरपाई दिली होती. पुढच्या एप्रिलमध्ये बँकेचे तेव्हाचे मुख्य माहिती अधिकारी कार्लोस अबार्का यांनाही व्यक्तिशः 81 हजार 620 पौंडांचा दंड झाला. पुरवठादाराची तयारी नीट पडताळून न पाहणं, हा त्यांच्यावरचा ठपका होता.

वाचकांपैकी कोणी पतसंस्थेच्या संचालक मंडळावर असतील, कोणी शाळेच्या किंवा गृहनिर्माण संस्थेच्या समितीत असतील. नवं सॉफ्टवेअर घेण्याचा विषय तुमच्यापुढे आज ना उद्या येईल. पुरवठादार ‘टेस्टिंग पूर्ण झालं’ म्हणाला की त्याच्याकडून एकच पान लिहून मागा. ठरलेल्या चाचण्यांपैकी कोणत्या झाल्या नाहीत, झालेल्या कोणत्या सर्व्हरवर झाल्या, कोणते दोष शिल्लक आहेत आणि परत फिरण्याची तालीम कोणत्या तारखेला झाली. ते पान हातात येईपर्यंत उद्घाटनाची तारीख ठरवू नका.