बैलाचे दात आणि ट्रॅक्टरची चासी

नेकनूरच्या जनावरांच्या बाजारात बैल घ्यायला आलेलं गिऱ्हाईक भाव नंतर विचारतं, आधी तोंड उघडतं, बैलाचं. अदात आहे, दोनदाती आहे, चारदाती आहे की जुळलेला, हे दातांवरून कळतं. मग बैल चालवून पाहायचा, पायात लंगडेपणा आहे का ते बघायचं, खांद्यावरून हात फिरवायचा, अंगावर धावून येतो का, बसकण मारतो का, अशी खोड विचारायची. रुमालाखाली बोटं धरून भाव ठरतो तो यानंतर. बीड जिल्ह्यातल्या कोणत्याही जाणत्या शेतकऱ्याला हे शिकवावं लागत नाही. मात्र तोच शेतकरी चार-पाच लाखांचा जुना ट्रॅक्टर घेताना पुष्कळदा दोन फेऱ्या मारून, हॉर्न वाजवून आणि चहा पिऊन इसार देऊन येतो.

जुन्या मालाच्या व्यवहारात कायद्याचं मूळ तत्त्व असं, की घेणाऱ्यानं डोळे उघडे ठेवावेत. लॅटिनमधलं हे सूत्र इंग्रजी न्यायालयांनी शतकानुशतकं वापरलं आणि ते 1930 च्या मालविक्री कायद्याच्या कलम 16 मधून आपल्याकडे आलं. माल चांगल्या दर्जाचा असेल किंवा अमुक कामाला चालेल, अशी हमी कायदा आपण होऊन विक्रेत्याच्या गळ्यात घालत नाही. याला अपवाद आहेत, पण त्यांतले मुख्य अपवाद तशा मालाचा धंदा करणाऱ्या विक्रेत्यासाठी आहेत. शेजारच्या गावातल्या शेतकऱ्यानं आपला वापरलेला ट्रॅक्टर विकला, तर तो व्यापारी नव्हे. इंजिन महिन्याभरात बसलं तरी केवळ तेवढ्यावरून त्याच्याकडे पैसे मागता येत नाहीत.

त्याच कलमात आणखी एक मेख आहे. विक्रेता व्यापारी असला आणि गिऱ्हाइकानं माल तपासला असला, तर त्या तपासणीत जे दिसायला हवं होतं त्याबद्दल नंतर तक्रार चालत नाही. तपासणी धड नव्हती, अंधारात झाली, घाईत झाली, ही सबब फारशी उपयोगी पडत नाही.

मग विक्रेत्याला माहीत असलेला दोष त्यानं लपवला तर? इथे 1872 च्या करार कायद्यातली घोड्याची उदाहरणं वाचण्यासारखी आहेत. एकाने लिलावात दुसऱ्याला घोडा विकला. घोडा सदोष आहे हे विकणाऱ्याला ठाऊक होतं, पण तो काही बोलला नाही. कायदा सांगतो, ही फसवणूक नव्हे. पुढच्या उदाहरणात गिऱ्हाईक स्पष्ट म्हणतं, की तू नाकारलं नाहीस तर घोडा निर्दोष आहे असं मी धरून चालेन. विकणारा तरीही गप्प राहतो. आता मात्र त्याचं गप्प राहणं बोलण्यासारखंच धरलं जातं. दोन्हींत दोष तोच, मौनही तेच; फरक गिऱ्हाइकाच्या प्रश्नाचा. सौदा बसताना ‘क्लच, गिअरबॉक्स, हायड्रॉलिक यांचं काम निघालेलं नाही ना? बँकेचा बोजा नाही ना? अपघाताची केस नाही ना?’ हे चारचौघांसमोर विचारणं आणि उत्तरं सौदापावतीवर लिहून घेणं, याची किंमत म्हणूनच मोठी आहे. आपल्याकडे असं विचारणं म्हणजे समोरच्यावर अविश्वास दाखवणं, असा समज आहे. बैलाच्या बाजारात मात्र खोड विचारली म्हणून कोणी रागावत नाही.

जनावरांच्या बाजारातून थेट इंग्लंडच्या सर्वोच्च पायरीपर्यंत गेलेलं एक प्रकरण 1878 चं आहे. न्यूबरीच्या बाजारात एकानं डुकरं विकली, ‘सर्व दोषांसह’ असं सांगून. ती साथीच्या तापानं आजारी होती. घेणाऱ्याची डुकरं मेली, शिवाय त्याची आधीची जनावरंही त्या रोगानं धरली. तरीही नुकसानभरपाई मिळाली नाही, कारण निर्दोष असल्याचं कोणी म्हटलंच नव्हतं. हप्ते थकल्यामुळे फायनान्स कंपनीनं ओढून आणलेली वाहनं लिलावात निघतात, तेव्हा ‘जिथे आहे तिथे, जशी आहे तशी’ हे शब्द हेच काम करतात. तिथे भाव कमी असतो, कारण दोषांचा धोका गिऱ्हाइकाच्या पदरात टाकलेला असतो.

बीडमध्ये जुना ट्रॅक्टर घेताना पहिला प्रश्न तो किती वर्षांचा हा नसून तो कुठे राबला हा असावा. दसरा-दिवाळीनंतर जिल्ह्यातून ऊसतोडीला टोळ्या बाहेर पडतात आणि ट्रॅक्टरही वाहतुकीला लागतात. दोन ट्रॉल्या भरून उसाच्या खेपा टाकलेला ट्रॅक्टर आणि घरच्या रानात नांगरट-पाळी केलेला ट्रॅक्टर एकाच सालचे असले तरी त्यांची झीज वेगळी असते. तासांचं मीटर बंद असू शकतं किंवा बदललेलं असू शकतं; त्यावर भिस्त ठेवू नये. मागच्या टायरच्या नक्षा मधोमध सपाट झाल्या असतील तर तो डांबरी रस्त्यावर जास्त धावला आहे. ट्रॉली जोडायच्या हूकचं भोक लांबट झालं असेल तर जड ओढ झाली आहे. टायर नवे असतील आणि क्लच-ब्रेकच्या पायदानांचं रबर घासून गुळगुळीत झालं असेल, तर पायदानांवर विश्वास ठेवावा.

ट्रॅक्टर पाहायला जाताना आधी निरोप न देता सकाळी लवकर जावं. इंजिनाला हात लावून बघावा. गरम असेल तर आपण येण्याआधी कोणीतरी चालू करून ठेवला आहे. थंड इंजिन कसं उठतं, हीच खरी परीक्षा. चालू झाल्यावर थोडा पांढरा धूर निघून थांबला तर फारसं बिघडत नाही, पण निळसर धूर येतच राहिला तर ऑईल जळत आहे. इंजिन चालू असताना ऑईल भरायचं झाकण उघडून पाहावं. तिथून भकाभक धूर दाबानं येत असेल तर रिंग-लायनर झिजले आहेत, म्हणजे इंजिन खोलण्याचं काम आलं. ऑईलची पट्टी काढल्यावर ऑईल दुधाळ दिसलं तर त्यात पाणी मिसळलं आहे. मग नांगर किंवा रोटाव्हेटर जोडून हायड्रॉलिकनं उचलून धरायचा आणि थांबायचं. तो पटकन खाली येऊ लागला तर आत गळती आहे. शेवटी पुढचं चाक जॅकवर उचलून हातानं हलवलं की पुढच्या धुऱ्यातला खेळ कळतो. स्वतःला यातलं कळत नसेल तर आपला मिस्त्री न्यावा. विकणाऱ्यानं सुचवलेला मिस्त्री नको.

लोखंड तपासण्याची जबाबदारी अशी सगळी घेणाऱ्यावर. मालकीचं मात्र उलट आहे. माल विकण्याचा आपल्याला हक्क आहे आणि त्यावर न सांगितलेला बोजा नाही, हे विक्रेता मालविक्री कायद्याच्या कलम 14 नुसार गृहीत स्वरूपात कबूल करतोच, मग तो व्यापारी असो वा शेतकरी. इंग्लंडमध्ये 1923 साली असं झालं, की एकानं गाडी घेतली, काही महिने वापरली आणि मग ती चोरीची निघून पोलिसांनी नेली. विकणाऱ्यालाही चोरीची कल्पना नव्हती. तरी न्यायालयानं घेणाऱ्याला सगळी किंमत परत देवविली, वापराचे पैसे न कापता.

कागदावर हे दिलासा देणारं आहे. पण विकणारा हंगामाला कर्नाटकात निघून गेला असेल, तर हा हक्क घेऊन बीडच्या न्यायालयाच्या पायऱ्या चढत बसावं लागतं. तोवर ट्रॅक्टर फायनान्सवाल्याच्या यार्डात किंवा पोलीस ठाण्याच्या आवारात गंजत असतो.

म्हणून कागद पाहायचे ते इसार देण्याआधी. नोंदणी पुस्तिका किंवा कार्ड घेऊन ट्रॅक्टरच्या चासीवर आणि इंजिनावर कोरलेले नंबर अक्षर-अक्षर जुळवावेत. घासलेला, वेल्डिंग केलेला किंवा नव्यानं ठोकलेला नंबर दिसला तर सौदा तिथेच सोडावा. जिल्ह्यातली वाहनं एमएच 23 क्रमांकाची बीडची आणि एमएच 44 ची अंबाजोगाईची. नंबर टाकून mParivahan वर नोंदणी, विमा आणि कर्जदात्याची नोंद पाहता येते. ट्रॉलीची नोंदणी वेगळी असते, तिचाही चासी नंबर असतो. ट्रॅक्टरसोबत ट्रॉली ‘फुकट’ मिळते तेव्हा तिचे कागद बहुधा कोणी मागत नाही.

समजा, माजलगाव भागातल्या एका ट्रॅक्टरचा सौदा 4 लाख 50 हजारांना ठरला आणि त्यावर 1 लाख 20 हजारांचं कर्ज बाकी आहे. विकणारा म्हणतो, ‘पैसे द्या, मी उद्या बँकेत भरतो.’ इथेच माणसं अडकतात. नीट पद्धत अशी, की इसार म्हणून 10 हजार द्यावेत आणि कर्ज पूर्ण फेडायची नेमकी रक्कम बँकेकडून लेखी मागवावी. ती रक्कम थेट कर्जखात्यात भरावी आणि पावतीवर खातेक्रमांक तपासावा. बँक ना-हरकत पत्र आणि सही-शिक्क्यानिशी फॉर्म 35 देते, तेव्हा बोजा उतरवायचा मार्ग मोकळा होतो. त्यासोबतच विकणाऱ्याच्या सह्या फॉर्म 29 आणि 30 वर घ्याव्यात. उरलेल्या 3 लाख 20 हजारांतली मोठी रक्कम या कागदांसोबत खात्यावर द्यावी आणि थोडी रक्कम नोंदणीवर नाव चढेपर्यंत राखून ठेवावी. विकणारा याला राजी नसेल, तर त्याचं कारण समजून घेतल्याशिवाय पुढे जाऊ नये.

बाँडवर लिहून नोटरी केली म्हणजे ट्रॅक्टर नावावर झाला, असा समज सगळीकडे आहे. बाँड सौद्याचा पुरावा ठरतो, पण परिवहन कार्यालयाच्या नोंदीत त्यानं काही बदलत नाही. राज्यातल्या राज्यात विक्री झाली तर विकणाऱ्यानं 14 दिवसांत कळवायचं आणि घेणाऱ्यानं 30 दिवसांत अर्ज करायचा, असं मोटार वाहन कायद्याचं कलम 50 सांगतं. नाव न बदलल्याचा फटका विकणाऱ्यालाही बसतो. सर्वोच्च न्यायालयानं 6 फेब्रुवारी 2018 च्या निकालात, हातोहात अनेकदा विकल्या गेलेल्या एका गाडीच्या अपघाताची भरपाई नोंदणीत नाव असलेल्या पहिल्याच मालकावर टाकली. गाडी हातून जाऊन काळ लोटला होता, पण नोंद त्याच्याच नावावर होती. विकणारा नाव बदलायला टाळाटाळ करत असेल तर त्याला ही हकिकत सांगावी; घेणाऱ्याइतकीच त्याचीही गरज आहे हे लक्षात येतं.

विम्याचं गणित निराळं. वाहनासोबत तिऱ्हाइताच्या नुकसानीचा विमा कायद्यानं नव्या मालकाकडे येतो, पण स्वतःच्या ट्रॅक्टरच्या नुकसानीचा भाग आपोआप येत नाही. त्यासाठी घेणाऱ्यानं 14 दिवसांत विमा कंपनीला कळवून पॉलिसी आपल्या नावावर करून घ्यावी लागते. त्यातही पॉलिसीवर वापर ‘शेतीसाठी’ लिहिलेला असेल आणि नवा मालक भाड्यानं ऊस ओढायला निघणार असेल, तर ते विमा कंपनीला आधीच सांगून योग्य ती पॉलिसी घ्यायला हवी. नाहीतर कारखान्याच्या वाटेवर ट्रॉली उलटली की कंपनी आधी वापराचाच मुद्दा काढते.

व्यापाऱ्याकडून घेतलेल्या ट्रॅक्टरमध्ये लपवलेला दोष निघाला तर ग्राहक आयोगाची वाट आहे. स्वतःच्या पोटापाण्यासाठी घेतलेलं वाहन ग्राहकाच्या व्याख्येत बसतं आणि तक्रारीला साधारण दोन वर्षांची मुदत असते. त्यासाठी व्यापाऱ्याच्या नावाची पावती लागते. मूळ मालकाचं नाव घालून केलेली पावती व्यापारी हातात देतो, तेव्हा तो या जबाबदारीतून निसटायची सोय करून ठेवत असतो. 1 एप्रिल 2023 पासून जुनी नोंदणीकृत वाहनं विकणाऱ्या व्यापाऱ्यांना परिवहन खात्याकडून अधिकृत करून घेण्याची आणि वाहन ताब्यात आल्याची नोंद करण्याची तरतूद आहे. ते अधिकारपत्र पाहायला मागावं आणि पावतीवर त्याचाच क्रमांक घालून घ्यावा.