हॉटस्पॉटवर कन्सोल: डेटा नेमका जातो कुठे?

वसतिगृहात वायफाय नसले तरी फोनच्या हॉटस्पॉटवर पीएस४ ऑनलाइन येतो. २०१३च्या मूळ पीएस४ला ५ गिगाहर्ट्झचे वायफाय दिसत नाही. यादीत फोनचे नाव आले नाही, तर हॉटस्पॉट २.४ गिगाहर्ट्झवर ठेवा.

खेळायला डेटा थोडाच लागतो, कारण चित्र कन्सोलच तयार करतो. ये-जा होते ती फक्त खेळाडूंच्या हालचालींची. तासाला १०० एमबी धरले, तर दोन तासांना रोजच्या २ जीबीतले २०० एमबी जातात.

खरा खर्च डाउनलोडचा. ६० जीबीच्या गेमला तोच कोटा अख्खा महिना लागेल. म्हणून गेम डिस्कवरून टाका, Settings > System मधले Automatic Downloads बंद करा आणि मोठे अपडेट सुट्टीत घरच्या वायफायवर उतरवा. नाहीतर अपडेटच कोटा संपवते, वेग घसरतो आणि सामना मध्येच तुटतो.