यंत्राने ओळखले नाही म्हणजे कामगार गैरहजर नव्हे

महानगरपालिकांच्या हजेरी चौक्यांवर, इस्पितळांत आणि कंत्राटदारांच्या कचरा डेपोंवर अलीकडे एकाच छापाची नोटीस लागताना दिसते. 'सर्व कर्मचाऱ्यांना कळविण्यात येते की, अमुक तारखेपासून हजेरी चेहरा ओळखणाऱ्या यंत्राद्वारे घेण्यात येईल. यंत्रावर नोंद नसल्यास गैरहजेरी गृहीत धरून वेतन कपात करण्यात येईल.' खाली सही आणि शिक्का. सोबत एक कागद फिरतो, त्यावर 'माझी संमती आहे' असे छापलेले असते आणि त्यापुढे सहीची किंवा अंगठ्याची जागा.

या दोन ओळींच्या नोटिशीत तीन प्रश्नांची उत्तरे नसतात. चेहऱ्याची माहिती कोठे राहणार? संमती दिली नाही तर काय? आणि यंत्र बंद पडले किंवा त्याने ओळखलेच नाही तर त्या दिवसाच्या पगाराचे काय? झाडू हाती घेणारा, गटारात उतरणारा आणि कचऱ्याची गाडी भरणारा कामगार बहुसंख्येने कोणत्या समाजातून येतो हे या दैनिकाच्या वाचकाला सांगण्याची गरज नाही. म्हणून ही नोटीस केवळ प्रशासकीय बाब समजून सोडून देता येणार नाही.

प्रथम एक गोष्ट स्पष्ट करतो. यंत्रालाच विरोध करून न्यायालयात टिकाव लागणे कठीण आहे. ओडिशातील महालेखापाल कार्यालयाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये असे म्हटले की, कर्मचाऱ्यांशी आधी सल्लामसलत केली नाही एवढ्याच कारणाने बायोमेट्रिक हजेरी बेकायदा ठरत नाही. खोटी नावे हजेरीपटावर चढवून पैसे खाणारे मुकादम आणि कंत्राटदार आपण पाहिलेले आहेत. प्रामाणिक कामगाराला चोख हजेरीची भीती नाही. लढा यंत्र नको यासाठी नसून यंत्राच्या अटी कोण ठरविणार यासाठी आहे.

त्यासाठी यंत्र काय करते हे समजले पाहिजे. नाव नोंदविताना ते कामगाराचा फोटो घेते आणि डोळे, नाक, हनुवटी यांच्या ठेवणीवरून आकड्यांची एक माळ तयार करून साठविते. रोज सकाळी समोर आलेल्या चेहऱ्याची अशीच माळ बनते आणि साठविलेल्या माळेशी ताडून पाहिली जाते. दोन्ही तंतोतंत कधीच जुळत नाहीत. किती साम्य असले म्हणजे 'हाच तो माणूस' म्हणायचे, ती मर्यादा यंत्र बसविणारा ठरवितो. मर्यादा कडक ठेवली की खरा माणूस नाकारला जातो, सैल ठेवली की दुसराच माणूस त्याच्या नावावर हजर होतो. यंत्र सत्य सांगत नाही, अंदाज सांगते. आणि तो अंदाज किती कडक असावा हा माणसाचा निर्णय असतो.

हा अंदाज सर्वांच्या बाबतीत सारखा नसतो. अमेरिकेत जॉय बुओलामविनी आणि टिमनिट गेब्रू यांनी २०१८ साली चेहऱ्यावरून स्त्री की पुरुष हे सांगणाऱ्या तीन कंपन्यांच्या प्रणाली तपासल्या. गोऱ्या पुरुषांच्या बाबतीत चुकीचे प्रमाण जास्तीत जास्त ०.८ टक्के होते. सावळ्या आणि काळ्या स्त्रियांच्या बाबतीत ते ३४.७ टक्क्यांपर्यंत गेले. ती तपासणी हजेरीच्या यंत्राची नव्हती आणि त्यानंतर तंत्र सुधारले आहे. तरीही ज्यांच्या चेहऱ्यांवर यंत्र शिकविले गेले नाही त्यांच्या बाबतीत ते अधिक चुकते, हा धडा कायम आहे. आमच्या चौकीवर पहाटेचा अंधार, पाठीमागून येणारा दिव्याचा झोत, धुळीने माखलेला कॅमेरा, डोक्यावरून घेतलेला पदर आणि तोंडाला बांधलेला रुमाल यांची त्यात भर पडते.

आता एक हिशेब करून पाहू. आकडे उदाहरणादाखल घेतले आहेत. एका चौकीवर ६० कंत्राटी कामगार आहेत, यंत्र एकच आहे. प्रत्येकाला १० सेकंद लागले तर सगळ्यांची हजेरी १० मिनिटांत होते. पण त्यांपैकी १५ जणांना तीन-तीन वेळा तोंड दाखवावे लागले, तर त्यांचा प्रत्येकी अर्धा मिनिट धरून एकूण वेळ १५ मिनिटे होते. सवलत १० मिनिटांचीच असेल तर रांगेच्या शेवटचे कामगार वेळेवर येऊनही उशिरा ठरतात. यातल्या एका बाईला महिन्यात तीन दिवस यंत्राने ओळखलेच नाही. मुकादमाने 'नंतर बघू' म्हणून तिला कामावर धाडले. तिने तिन्ही दिवस आपला रस्ता झाडला. रोज ६०० रुपये धरले तर महिनाअखेर तिचे १८०० रुपये कापले गेले. ती तक्रार घेऊन गेली की कार्यालय संगणकावर बघते आणि सांगते, 'तुम्ही आलाच नाहीत.'

खरी मेख येथे आहे. अनेक ठिकाणी वेतनासाठी जी यादी काढली जाते तिच्यात फक्त ओळख पटलेल्यांची नोंद असते. त्या यादीत जो आला नाही आणि जो आला पण ओळखला गेला नाही, हे दोघे एकसारखेच दिसतात. म्हणून आपली पहिली मागणी अशी असली पाहिजे की, फसलेल्या प्रयत्नाचीही वेळेसह नोंद राहावी, ती वेतनाच्या यादीसोबत यावी आणि वाद मिटेपर्यंत पुसली जाऊ नये. नेटवर्क नसताना यंत्र हजेरी स्वतःजवळ साठविते आणि नंतर मुख्य संगणकाकडे पाठविते. मधल्या काळात यंत्र बिघडले तर ती नोंद नष्ट होऊ शकते. तेव्हा हजेरी झाल्याची पावती किंवा मोबाइलवर संदेश त्याच क्षणी मिळाला पाहिजे.

कायदा या बाईच्या बाजूने आहे. वेतन संहिता, २०१९ ही २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली. तिच्या कलम २० नुसार गैरहजेरीबद्दल कपात करायची तर कामगार कामाच्या ठिकाणी गैरहजर असला पाहिजे. कॅमेऱ्यासमोर ओळख न पटणे म्हणजे कामाच्या ठिकाणी गैरहजर असणे नव्हे. कलम ५९ नुसार वेतन कमी दिल्याची किंवा बेकायदा कपातीची तक्रार झाली तर देणे दिले आहे हे सिद्ध करण्याची जबाबदारी मालकावर येते. कलम ४५ खाली कामगार स्वतः किंवा त्याची युनियन तीन वर्षांच्या आत दावा दाखल करू शकते. कंत्राटदार हात वर करू लागला आणि आस्थापनेत ५० किंवा अधिक कंत्राटी कामगार असले, तर वेतनाची जबाबदारी मुख्य मालकावर येते, अशी तरतूद २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेच्या कलम ५५ मध्ये आहे. मात्र पुरावा हवा. ज्या दिवशी यंत्राने नाकारले त्याच दिवशी मुकादमाच्या वहीत नाव, वेळ आणि सही झाली पाहिजे. वही नसेल तर युनियनने स्वतःची वही ठेवावी आणि शेजारी काम करणाऱ्या दोघांच्या सह्या घ्याव्यात.

दुसरा प्रश्न संमतीचा. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, २०२३ म्हणतो की संमती मुक्त, विशिष्ट, माहितीपूर्ण आणि विनाअट असावी. परंतु त्याच कायद्याच्या कलम ७ मध्ये नोकरीच्या कारणासाठी संमतीविनाही माहिती वापरण्याची वाट ठेवली आहे. नोव्हेंबर २०२५ च्या अधिसूचनेप्रमाणे ही मुख्य कलमे १८ महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ मध्ये लागू व्हायची आहेत. म्हणजे मालकाला उद्या संमतीची गरजच पडणार नाही, असा युक्तिवाद होणार. मग आज अंगठा कशासाठी घेतला जातो? उद्या काही बिघडले तर 'तुम्हीच लिहून दिले होते' म्हणता यावे म्हणून.

'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' या १९४७ च्या निवेदनात बाबासाहेबांनी हेच दाखवून दिले होते. बेकार माणसापुढे एका बाजूला नोकरी आणि दुसऱ्या बाजूला हक्क ठेवला, तर पोटासाठी तो हक्क सोडून देईल. अशा निवडीला स्वातंत्र्य म्हणता येत नाही. 'चेहरा द्या, नाहीतर पगार नाही' या वाक्याखाली घेतलेली सही ही संमती नसते. म्हणून नोटिशीत पर्याय असलाच पाहिजे. ओळखपत्र, वही किंवा अन्य साधनाने हजेरी लावण्याची सोय हवी, आणि ती घेणाऱ्याला त्रास होणार नाही अशी लेखी हमी हवी. महानगरपालिका ही राज्यसंस्था आहे. २४ ऑगस्ट २०१७ च्या पुट्टास्वामी निकालात नऊ न्यायाधीशांनी खासगीपणा हा मूलभूत हक्क मानला आणि त्यावर घाला घालायचा तर कायद्याचा आधार, योग्य हेतू आणि हेतूच्या प्रमाणातच उपाय अशा कसोट्या घातल्या. साध्या ओळखपत्राने भागत असताना चेहराच का, याचे उत्तर पालिकेने दिले पाहिजे.

तिसरा प्रश्न साठवणुकीचा. पासवर्ड चोरीला गेला तर बदलता येतो, चेहरा बदलता येत नाही. यंत्र बहुधा खासगी कंपनीचे असते आणि माहिती तिच्या संगणकावर जाते. कंत्राट संपले, कंपनी बदलली, तर जुन्या कंपनीकडील चेहऱ्यांचे काय? आणि सफाई कामगारांच्या चेहऱ्यांची, नावांची आणि पत्त्यांची यादी ही आपल्या देशात जवळजवळ जातीची यादी असते. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने माणसांची नोंदवही करून त्यांना पोलिसांपुढे हजेरी द्यायला लावली होती. तो जाच संपायला १९५२ साल उजाडले. आजची हजेरी त्या हेतूने नसेलही. परंतु एका कामासाठी केलेली यादी दुसऱ्या कामाला वापरली जाऊ नये, याची लेखी हमी मागण्याचा अधिकार त्या इतिहासानेच आपल्याला दिला आहे.

तेव्हा युनियनने नोटिशीला लेखी उत्तर द्यावे आणि त्यात दुरुस्त नोटिशीचा मजकूरच द्यावा. तो साध्या मराठीत असा असू शकतो: 'चेहऱ्याची माहिती फक्त हजेरीसाठी वापरली जाईल. मूळ फोटो ठेवला जाणार नाही. माहिती अमुक ठिकाणी, अमुक अधिकाऱ्याच्या जबाबदारीवर राहील. नोकरी संपल्यावर किंवा कंत्राट बदलल्यावर ३० दिवसांत ती पुसून तसे लेखी कळविले जाईल. चेहरा द्यायचा नसल्यास ओळखपत्राने हजेरी लावता येईल. वीज, नेटवर्क किंवा यंत्र बंद असल्यास, तसेच दोन प्रयत्नांत ओळख न पटल्यास मुकादम लगेच वहीत नोंद करील आणि तीच हजेरी मानली जाईल. रांगेत गेलेला वेळ उशीर धरला जाणार नाही. कामगाराचे म्हणणे ऐकल्याशिवाय एक रुपयाही कापला जाणार नाही.'

ही नोटीस प्रशासनाने स्वीकारली तर यंत्र खुशाल लावावे. नाकारली, तर ते नाकारणे लेखी घ्यावे. उद्या दाव्यासोबत तोच कागद जोडायचा आहे. आणि तोवर 'संमती आहे' या छापील ओळीखाली कोणीही एकट्याने, न वाचता अंगठा उठवू नये.