रागावलेल्या बाई आणि काउंटरपलीकडचा तो

बँकांच्या प्रशिक्षण वर्गात दाखवल्या जाणाऱ्या बऱ्याच फिल्म्समध्ये चिडलेला ग्राहक अर्ध्या मिनिटात थंड होतो. तो काउंटरवर हात आपटतो, कर्मचारी हसतमुखाने ‘सर, आपल्या गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत’ म्हणतो, मागचं संगीत बदलतं आणि ग्राहक आभार मानून निघून जातो. वर्षानुवर्षं काउंटरवर बसलेली माणसं हे बघून शेजाऱ्याला कोपर मारतात. पडद्यावर फिल्म पुढे चालू असते, पण त्यांच्यापुरती ती तिथेच संपलेली असते.

अशी फिल्म फसते ती कागदावरच. लेखक कर्मचाऱ्याच्या संवादाआधी कंसात ‘शांतपणे’ असं लिहितो आणि आपलं काम झालं असं समजतो. मग नट बिचारा आवाज मऊ करतो, मान थोडी तिरकी करतो आणि प्रेक्षकांना तो शांत न वाटता मख्ख वाटतो. खरं तर पटकथेत शांतपणा लिहिताच येत नाही. माणूस काय करतो, काय विचारतो आणि कोणतं वाक्य गिळतो एवढंच लिहिता येतं.

या प्रकारच्या फिल्म्सचा कायापालट केला तो ब्रिटनमध्ये व्हिडिओ आर्ट्स या कंपनीने. विनोदी नट जॉन क्लीज आणि पुढे ‘येस मिनिस्टर’चा सहलेखक म्हणून गाजलेला अँटनी जे यांनी काही सहकाऱ्यांबरोबर १९७२ साली ती सुरू केली. त्यांची रीत साधी होती: आधी चुकीची वागणूक दाखवायची, ती बघून लोकांना पोटभर हसू द्यायचं आणि मग तोच प्रसंग नीट करून दाखवायचा. या रीतीला अभ्यासाचाही आधार आहे. वागणुकीचे नमुने दाखवून शिकवण्यावर झालेल्या अनेक प्रयोगांचा एकत्रित आढावा २००५ साली प्रसिद्ध झाला. फक्त आदर्श नमुना दाखवण्यापेक्षा चूक आणि बरोबर दोन्ही दाखवलं, तर शिकलेलं प्रत्यक्ष कामात जास्त उतरतं, असं त्यात दिसलं. मात्र क्लीजसारखा नट हाताशी नसताना चुकीच्या भागात नुसती उद्धट माणसं उभी करून चालत नाही. उद्धट माणूस बघून प्रत्येक जण म्हणतो, ‘मी काही असा नाही.’ चुकणारा कर्मचारी सभ्य हवा. त्याची वाक्यं बघणाऱ्याने स्वतः गेल्या आठवड्यात वापरलेली हवीत.

एक प्रसंग घेऊन हे उलगडू. नागरी सहकारी बँकेची शाखा, महिन्याची ११ तारीख. पन्नाशीच्या, खानावळ चालवणाऱ्या एक बाई काउंटरवर येतात. ३ तारखेला त्यांनी एसटी स्टँडजवळच्या दुसऱ्या एका बँकेच्या एटीएममधून ९,००० रुपये काढायचा प्रयत्न केला. मशीन घरघरलं, पैसे आले नाहीत, पण खात्यातून वजा झाल्याचा मेसेज आला. ५ तारखेला त्या या शाखेत आल्या, तेव्हा ‘आपोआप जमा होतील, चार-पाच दिवस थांबा’ असं त्यांना कुणीतरी सांगितलं. ९ तारखेला त्या एटीएमवाल्या बँकेत गेल्या. तिथे ऐकायला मिळालं, ‘कार्ड ज्यांचं त्यांच्याकडे जा.’

तक्रारीची निवड हा पटकथेतला निम्मा निर्णय असतो. मूर्ख किंवा लबाड ग्राहक घेतला, तर कर्मचाऱ्याला सहनशीलतेचं बक्षीस मिळतं, पण शिकायला काही मिळत नाही. इथे बाईंची बाजू बरोबर आहे आणि नियम त्यांच्या बाजूने आहे. मशीन कोणत्याही बँकेचं असो, तक्रार घ्यायची ती कार्ड देणाऱ्या बँकेने. रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर २०१९च्या परिपत्रकानुसार अशी फसलेली रक्कम व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांत परत जमा व्हायला हवी. उशीर झाला तर दर दिवसाला १०० रुपये भरपाई, तीही ग्राहकाने मागण्याची वाट न बघता. म्हणजे मुदत ८ तारखेला संपली आहे. हे ज्याला माहीत नाही, त्याचा शांतपणा कितीही अस्सल असला तरी बाईंच्या काही उपयोगाचा नाही. म्हणून पटकथा लिहायला बसण्याआधी नियम वाचून काढावे लागतात. संवादाचं कौशल्य त्यानंतर.

आता चुकीचा भाग. बाई आल्या आल्या मोठ्याने बोलतात. कर्मचारी स्क्रीनवरून नजर न हटवता उत्तरं देतो.

‘मॅडम, आधी शांत व्हा.’

‘शांत? आठ दिवस शांतच बसले होते मी!’

‘सिस्टीममध्ये तर व्यवहार सक्सेसफुल दाखवतोय.’

‘म्हणजे मी पैसे घेऊन खोटं बोलतेय?’

‘तसं नाही मॅडम, पण ते मशीन आमचं नाही ना.’

तिन्ही वाक्यांत एकही वावगा शब्द नाही. पहिल्याने बाईंचा राग हीच अडचण ठरवली, दुसऱ्याने त्यांना खोटं पाडलं आणि तिसऱ्याने परत एसटी स्टँडकडे पाठवलं. आवाज एकेक पायरी वर चढतो, तो प्रत्येक वेळी कर्मचाऱ्याच्या वाक्यानंतरच. बघणाऱ्याला हे न सांगता कळायला हवं, म्हणून इथे निवेदकाचा आवाज अजिबात घालू नये. त्याऐवजी तिसऱ्या वाक्यावर चित्र थांबवायची खूण करावी, म्हणजे प्रशिक्षक तिथे फिल्म थांबवून विचारू शकतो, ‘यातलं कोणतं वाक्य तुम्ही म्हणता?’

बरोबर भागात बाई तेच बोलतात, तितक्याच मोठ्याने. इथे बरेच लेखक नकळत लबाडी करतात आणि दुसऱ्या खेपेला ग्राहकाला जरा सौम्य करून टाकतात. मग फरक कर्मचाऱ्यामुळे पडला की बाईंमुळे, हेच कळत नाही. बाईंचं पहिलं वाक्य दोन्हीकडे शब्दशः एकच हवं, आणि ते पैशांबद्दल नको. ‘अजून किती ठिकाणी फिरवणार आहात मला?’ हे ते वाक्य. ९,००० तर गेलेच आहेत, पण चिड आली आहे ती टोलवाटोलवीची.

कर्मचारी कीबोर्डवरचे हात काढतो, कागद ओढतो आणि लिहू लागतो. बाई बोलत राहतात. त्यांचं बोलणं आपोआप संपेपर्यंत तो मध्ये बोलत नाही. पटकथेच्या दोन रकान्यांपैकी डावीकडे दृश्य आणि उजवीकडे आवाज असतो. या जागी उजव्या रकान्यात ‘४ सेकंद शांतता’ असं आकड्यात लिहून ठेवावं लागतं, नाहीतर संकलक ती जागा मोकळी समजून कापून टाकतो. मग तो वाचून दाखवतो:

‘ताई, मी लिहिलंय ते बरोबर आहे का बघा. ३ तारखेला स्टँडजवळच्या एटीएमवर ९,००० वजा झाले, पैसे आले नाहीत. ६ तारखेला तुम्ही इथे आलात—’

‘सहा नाही, पाच. शनिवारी.’

‘पाच. आणि ९ तारखेला त्या बँकेत.’

‘हो. त्यांनी इथेच पाठवलं.’

तारखेची ही चूक लेखकाने मुद्दाम पेरलेली आहे, आणि मला विचाराल तर सगळ्या फिल्ममधली ही सर्वात उपयोगी जागा. चूक सुधारताना बाई भांडणं सोडून माहिती द्यायला लागतात. राग उतरायला सुरुवात होते ती इथे, दिलगिरीच्या वाक्यावर नव्हे. दिलगिरी यानंतर येते, आणि ती नेमकी असते: ‘तुम्हाला दोन्हीकडून परत पाठवलं, ते व्हायला नको होतं. ५ तारखेलाच तक्रार इथे लिहून घ्यायला हवी होती.’ एवढंच. पैशांबद्दल तो माफी मागत नाही, कारण मशीनमध्ये काय घडलं हे त्याला अजून माहीतच नाही. चौकशीआधी ‘आमची चूक झाली’ म्हणून मोकळं व्हायचं प्रशिक्षण दिलं, तर पुढचे घोटाळे कर्मचाऱ्याच्याच अंगावर येतात.

मग बाई विचारतात, ‘म्हणजे पैसे मिळणार ना?’ इथे ‘हो’ लिहायचा मोह भल्याभल्यांना होतो. खरं उत्तर असं: ‘ते आत्ता मी सांगू शकत नाही. त्या मशीनची त्या दिवशीची नोंद आणि शिल्लक रोकड जुळवून बघतात. पैसे बाहेर आलेच नसतील, तर ९,००० जमा होतील आणि ८ तारखेनंतरच्या प्रत्येक दिवसाचे १०० रुपयेही.’ हे ऐकून बाई पुन्हा चिडतात. चिडायलाच हव्यात. फिल्ममध्ये राग एकदाच चढून एकदाच उतरत असेल, तर ती खोटी आहे. या दुसऱ्या भरतीला कर्मचारी नवीन काही बोलत नाही. तक्रार नोंदवतो, तक्रार क्रमांक कागदावर लिहितो, खाली स्वतःचं नाव आणि कोणत्या दिवशी फोन करणार ती तारीख घालतो. तो क्रमांक महत्त्वाचा, कारण ३० दिवसांत बँकेकडून उत्तर आलं नाही तर त्याच्याच आधारावर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. हेही तो सांगतो. स्वतःच्या बँकेविरुद्धचा रस्ता दाखवणारा कर्मचारी बघून वर्गात चुळबुळ होते, आणि नंतरची चर्चा बहुतेक याच वाक्यावर रंगते.

बाई कागद पर्समध्ये ठेवतात आणि निघून जातात. आभार नाहीत, हसू नाही. फिल्म करून घेणाऱ्या अधिकाऱ्यांना शेवटी ‘धन्यवाद’ हवंच असतं आणि त्यावर वाद होतो. माझ्या मते तिथे लेखकाने अडून बसावं. बाईंचे पैसे अजून आलेले नाहीत, मग आभार कशाचे?

शिव्यांचा प्रसंग या फिल्ममध्ये घालू नये. ग्राहक गलिच्छ बोलू लागला किंवा अंगावर आला तर काय करायचं, वरिष्ठांना कधी बोलवायचं, हा वेगळा धडा आहे. तो इथे कोंबला तर प्रत्येक चढा आवाज धमकी वाटू लागतो, आणि कर्मचारी खानावळवाल्या बाईंसाठीही सुरक्षारक्षक शोधतो.

पटकथा तयार झाली की ती साहेबांआधी काउंटरवरच्या लोकांना मोठ्याने वाचून दाखवावी. ते संवादांबद्दल फारसं काही म्हणत नाहीत. त्यांचा पहिला प्रश्न असतो, ‘मागे रांग कुठेय?’ लेखकाच्या शाखेत एकच ग्राहक असतो, त्यांच्या शाखेत आठ असतात आणि फोनही वाजत असतो. मग बाईंच्या मागे पासबुक घेतलेला एक गृहस्थ उभा करावा लागतो. तो म्हणतो, ‘आमचं किती वेळ?’ कर्मचारी मान वर करून सांगतो, ‘काका, इथे अजून पाच मिनिटं लागतील. पासबुकच भरायचं असेल तर शेजारच्या खिडकीवर होईल.’ यावर वाचन ऐकणाऱ्यांपैकी कुणीतरी म्हणतं की शेजारची खिडकी तर नेहमी बंदच असते, आणि ते वाक्यही पुन्हा लिहावं लागतं.