फाटकापाशी विचारलेले प्रश्न

शाळेचा पहिला दिवस. पहिलीच्या मुलांना गुलाबाची फुलं देऊन झाली, गूळखोबरं वाटून झालं, मुलं वर्गात गेली. पटांगणातल्या मांडवाखाली आई-वडील आणि आज्या बसून होत्या. मी मुख्याध्यापिका म्हणून पंचवीसएक मिनिटं बोलले. शाळेचा इतिहास, शिस्त, गणवेश, वेळेवर येणं, पालकांची जबाबदारी. मग विचारलं, "कोणाला काही शंका?" कोणी बोललं नाही. तीन-चार सेकंदांत मी "आभारी आहे" म्हटलं आणि खुर्च्या सरकल्या.

दुपारी आमच्या शिपाई मावशींनी सांगितलं की फाटकापाशी बायकांनी त्यांना अर्धा तास सोडलं नाही. "पोराला लघवीला लागली तर बाई सोडतात का?" "डबा द्यायचा का इथं खिचडी मिळते?" "मला लिहिता येत नाही, सहीच्या जागी अंगठा चालतो का?" "घरी आम्ही तेलुगूच बोलतो, याला इथलं कळेल का?" "मारतात का हो इथं?"

आमची शाळा सोलापूरच्या पूर्व भागातली, मराठी माध्यमाची, अनुदानित. या भागात पद्मशाली विणकरांची मोठी वस्ती आहे. घरात तेलुगू बोलली जाते, पुरुष यंत्रमागावर असतात, पुष्कळ बायका घरी विड्या वळतात. मांडवात गप्प बसलेल्या याच बायका फाटकापाशी बोलत होत्या. प्रश्न त्यांच्याकडे भरपूर होते. ते मला विचारावेत असं माझ्या भाषणात काहीच नव्हतं.

पुढे अनेक वर्षं मी ते भाषण बदलत राहिले. या जूनमध्ये जे मुख्याध्यापक पालकांसमोर उभे राहतील आणि जे पालक समोर बसतील, त्यांच्यासाठी त्यातून हाती आलेलं लिहिते आहे.

पहिली अडचण त्या वाक्यातच होती. "शंका" हा शब्द आपण शिकवणीत सहज वापरतो, पण बाहेर शंका घेणं म्हणजे संशय घेणं. शाळेच्या दारात पहिल्यांदा आलेली आई मुख्याध्यापिकेवर शंका कशी घेईल? शिवाय "काही शंका?" या प्रश्नाला "नाही" हे उत्तर पुरतं, आणि शंभर माणसांत तेच सोपं असतं. मी वाक्य बदललं. "तुमच्या मनात काय काय आहे ते मला ऐकायचं आहे. पहिलं कोण बोलतंय?" एवढ्यानेसुद्धा फरक पडला, पण थोडाच.

दुसरी अडचण वेळेची होती. मेरी बड रो या अमेरिकी संशोधिकेने विज्ञानाच्या वर्गांत टेपरेकॉर्डर लावून मोजलं होतं की प्रश्न विचारल्यावर शिक्षक उत्तरासाठी किती थांबतात. सरासरी निघाली एक सेकंदाच्या आसपास. शिक्षकांनी हे थांबणं तीन सेकंदांपर्यंत वाढवलं, तेव्हा उत्तरं लांब आणि विचारपूर्वक येऊ लागली, एरवी गप्प राहणारी मुलं बोलू लागली आणि मुलं स्वतःहून जास्त प्रश्न विचारू लागली. वर्गात मुलं रोज बसतात, त्यांना बाई माहीत असतात. मांडवातल्या बाईला तर मनातलं तेलुगूतून मराठीत आणायचं असतं, शेजारी सासू बसलेली असते, पुढे अनोळखी माणसं असतात. तिला तीन सेकंदही अपुरे. मी मनात वीसपर्यंत आकडे मोजू लागले. पहिल्यांदा ती शांतता फार जड वाटते. बारा-तेराच्या पुढे कुठेतरी हात वर होतो.

पण मला खरी वाट दाखवली ती लॉरेन्स नावाच्या गावच्या हकिगतीने. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यातलं हे गाव सोलापूरसारखंच कापडगिरण्यांचं, बाहेरून आलेल्या कामगारांचं. तिथे मुलांची गळती थांबवण्याच्या कामात डॅन रॉथस्टाइन आणि लुझ सँटाना ही दोन माणसं होती. पालक शाळेत का येत नाहीत, असं विचारल्यावर पालकांनी त्यांना सांगितलं की तिथे जाऊन काय विचारायचं हेच आम्हाला कळत नाही. सुरुवातीला या दोघांनी पालकांना तयार प्रश्नांची यादी दिली. ती कामी आली नाही, कारण यादीबाहेरचं काही घडलं की पालक पुन्हा अडायचे. मग त्यांनी प्रश्न तयार करण्याची रीतच शिकवायला सुरुवात केली. तिचे नियम साधे आहेत: सुचतील तेवढे प्रश्न काढा, मध्ये उत्तर देऊ नका की चर्चा करू नका, प्रश्न बोलला तसाच लिहा, आणि कोणी नुसतं विधान केलं तर त्याचा प्रश्न करा. शेवटी त्यातले महत्त्वाचे निवडा.

हे वाचल्यानंतरच्या जूनमध्ये माझं भाषण आठ मिनिटांवर आलं. ते कसं झालं, तेच सांगते.

सुरुवात "अंदरिकी नमस्कारम्" अशी केली. माझी तेलुगू एवढीच, पण मागच्या रांगेतल्या आज्यांनी पदर सावरून नमस्कार केला. मग म्हणाले, "मी या शाळेची मोठी बाई. आज मी थोडंच बोलणार आहे, नंतर तुम्ही बोलायचं आहे." त्यानंतर मागच्या वर्षी मावशींना विचारलेले पाच प्रश्न मीच वाचून दाखवले आणि त्यांची उत्तरं दिली. लघवीला कधीही सोडतो, विचारायला लाज वाटली तर मुलाने नुसती करंगळी दाखवावी. दुपारचं जेवण शाळेत मिळतं, सकाळी घरून खाऊन पाठवा. अंगठा चालतो. मारत नाही, शिक्षणहक्क कायद्याच्या सतराव्या कलमाने शाळेत मुलाला मारणं आणि मानसिक त्रास देणं दोन्ही बंद आहे, कोणी मारलं तर मला येऊन सांगा. शेवटी म्हणाले, "हे प्रश्न मागच्या वर्षीच्या आयांचे. यंदाचे तुमचे."

लोकांना विचारायला सांगण्याआधी त्यांच्यासारख्याच कोणीतरी विचारलेला अगदी साधा प्रश्न आदराने वाचून दाखवावा, हे मला त्या दिवशी कळलं. करंगळीची गोष्ट मुख्याध्यापिका माइकवर बोलते, तर मग आपलंही चालेल, असं बायकांना वाटतं.

मग चार-पाच जणांचे गट केले. प्रत्येक गटात एक शिक्षिका लिहायला बसली. त्यांना ताकीद होती की पाच मिनिटं कोणालाही उत्तर द्यायचं नाही, फक्त लिहायचं, बोललेल्याच शब्दांत. शिक्षकांना हे सर्वांत अवघड जातं. समोरून प्रश्न आला की आपल्या तोंडून उत्तर निघतंच, आणि एक उत्तर निघालं की पुढचे चार प्रश्न आत राहतात. "आमचा पोरगा लई भितो" असं एक आई म्हणाली, तेव्हा शिक्षिकेने लिहिलं, "मूल भीत असेल तर बाई काय करतात?" आईला वाचून दाखवल्यावर ती म्हणाली, हो, हेच. बायका आणि पुरुष यांचे गट वेगळे ठेवले होते, कारण एकत्र बसले की नवरा किंवा दीर बोलतो आणि घरात मुलाचं सगळं करणारी बाई ऐकत राहते. पाच मिनिटांनंतर प्रत्येक गटाने आपला सर्वांत महत्त्वाचा एक प्रश्न निवडला.

सर्वांत जास्त गटांतून भाषेचा प्रश्न आला. घरी तेलुगू, शाळेत मराठी, तर आजपासून घरीही मराठी बोलायचं का? मी सांगितलं, नको. आईने मोडक्या मराठीत बोलण्यापेक्षा सरळ तेलुगूत गोष्ट सांगितली, तर मुलाजवळ शब्द वाढतात, कारण-परिणाम सांगायची सवय लागते, आणि तेच मराठी शिकताना उपयोगी पडतं. नवी भाषा शिकणारं मूल सुरुवातीला काही आठवडे, कधी काही महिने, वर्गात फारसं बोलत नाही. ते ऐकत असतं. सांगितलेलं करत असेल, खेळात मिसळत असेल, तर काळजी नको. पण घरीसुद्धा, आपल्या भाषेतसुद्धा बोलणं कमी झालं, हाक मारल्यावर वळेनासं झालं, तर थांबू नका, कान तपासून घेऊ.

एका आजीने विचारलं की पाच वाजता मी विड्या द्यायला कारखान्यात रांगेत असते, शाळा सुटल्यावर नातू कुठे उभा राहील? याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. मी तसं सांगितलं आणि शुक्रवारी फाटकाजवळच्या फळ्यावर उत्तर लिहिण्याचं कबूल केलं. न ठरवता "बघू", "करू" म्हणणं सभेत गोड लागतं, पण पालक ते लक्षात ठेवतात आणि पुढच्या वेळी हात वर करत नाहीत. काही प्रश्न शाळेच्या हातचे नसतात. विडी कामगारांच्या मुलांना केंद्र सरकारची शिष्यवृत्ती आहे, पण ती मंजूर करणं आमच्याकडे नाही. आम्ही अर्ज भरायला मदत करू, एवढंच सांगितलं. आणि कोणी एखाद्या शिक्षिकेचं नाव घेऊन तक्रार करू लागलं, किंवा घरातलं दारूचं, मुलाच्या आजाराचं बोलू लागलं, तर ते मांडवात घ्यायचं नाही. त्यासाठी आठवड्यातला एक ठरलेला तास सांगायचा आणि त्या तासाला खरोखर खोलीत बसायचं.

एकदा हे सगळं आमच्याकडून बिघडलंही. मुलगा अजून झोपेत अंथरूण ओलं करतो, शाळेत काही झालं तर काय, असं एका आईने विचारलं आणि मागे उभ्या शिक्षिकेला हसू आलं. अर्ध्या सेकंदाचं हसू. त्यानंतर उरलेल्या गटांनी गणवेश आणि वह्या एवढंच विचारलं. मी त्या आईच्या घरी जाऊन माफी मागितली. तेव्हापासून सभेआधी शिक्षकांची वेगळी दहा मिनिटं घेते.

सभा जमली की नाही हे टाळ्यांवरून कळत नाही. मी तीन गोष्टी पाहते: किती बायका बोलल्या, लिहून घेतलेल्या प्रश्नांत मला अपेक्षित नव्हते असे किती होते, आणि सभेनंतर मावशींना फाटकापाशी किती वेळ थांबावं लागलं. आणखी एक गोष्ट महिन्या-दोन महिन्यांनी दिसते. शाळा व्यवस्थापन समितीत कायद्याने तीन चतुर्थांश पालक असतात आणि सदस्यांत निम्म्या महिला. पूर्वी या जागांसाठी बायकांची नावं आम्हाला शोधावी लागत. ज्या जूनमध्ये मांडवात प्रश्न निघाले, त्या वर्षी बायका स्वतःहून नाव द्यायला आल्या.

शुक्रवारी फळ्यावर लिहिलं: "ज्यांना पाच वाजता येता येत नाही, त्यांची मुलं साडेपाचपर्यंत व्हरांड्यात मावशींजवळ बसतील. कोण न्यायला येणार ते नाव मावशींना सांगून ठेवा. दुसऱ्या कोणाबरोबर पाठवणार नाही." आजी फळ्यासमोर उभ्या होत्या. त्यांना वाचता येत नव्हतं, नातू तर पहिलीत चार दिवसांचा. चौथीतल्या एका मुलीने ते मोठ्याने वाचलं, मग तेलुगूत सांगितलं. आजींनी तिला पुन्हा एकदा सांगायला लावलं आणि मावशींकडे जाऊन आपलं नाव दिलं.