अवयव पडत नाहीत? मग मधोमध कापा!

वर्गसमीकरण असेल तर तुम्ही झटकन अवयव पाडता. पण x³ − २x − ५ = ० हे समीकरण सोडवून पाहा. पूर्णांक उत्तर असेल, तर ५ ला त्याने भाग जायलाच हवा. म्हणून १, −१, ५ आणि −५ घालून पाहा. एकानेही शून्य येत नाही. शाळेतली युक्ती इथेच संपते. मजा म्हणजे, न्यूटनने स्वतःची पद्धत समजावताना हेच समीकरण घेतलं होतं. आपण मात्र त्याहून सोपा मार्ग धरू, तो म्हणजे द्विभाजन.

उत्तर कुठे लपलंय?

डाव्या बाजूत x = २ घाला, −१ येतं. x = ३ घाला, १६ येतं. ही बाजू कुठेही उडी न घेता सलग बदलते. त्यामुळे ऋणाकडून धनाकडे जाताना ती मध्ये कुठेतरी शून्य होणारच. म्हणजे उत्तर २ आणि ३ च्या दरम्यान आहे.

आता मधली संख्या २.५ घाला. ५.६२५ येतं, म्हणजे धन. म्हणून उत्तर २ ते २.५ मध्ये आहे. २.२५ घातल्यावरही धन, २.१२५ घातल्यावरही धन. मात्र २.०६२५ वर किंमत सुमारे −०.३५, म्हणजे ऋण. चार वेळा कापल्यावर उत्तर २.०६२५ आणि २.१२५ यांच्या कचाट्यात सापडलं.

चूक किती असेल?

आता या दोन टोकांच्या बरोबर मधली संख्या, २.०९३७५, उत्तर म्हणून सांगा. खरं उत्तर टोकांच्या आतच असल्याने तुमची चूक उरलेल्या अंतराच्या निम्म्याहून, म्हणजे ०.०३१२५ हून जास्त असूच शकत नाही. खरं उत्तर साधारण २.०९४५५ आहे, म्हणजे चूक त्याहून बरीच कमी निघाली. पण तो योगायोग, हमी फक्त ०.०३१२५ ची.

दर कापणीला ही मर्यादा निम्मी होते. चूक ०.०००५ च्या आत हवी असेल तर किती वेळा कापायचं? दहा वेळा कापल्यावर अंतर १/१०२४ उरतं, त्याचं निम्मं १/२०४८. झालं काम! हे गणित सुरू करण्याआधीच कळतं.

इथे सावध राहा

प्रत्येक पायरीला दोन्ही टोकांची चिन्हं तपासा. ती सारखी निघाली, तर तुम्ही चुकीचा अर्धा भाग ठेवला आहे. x² − २x + १ = ० चं उत्तर १ आहे, पण डावी बाजू कधीच ऋण होत नाही, म्हणून तिथे ही पद्धत चालत नाही. उलट १/x चं चिन्ह शून्यापाशी बदलतं, पण तिथे उत्तर नाही, नुसती उडी आहे. म्हणून कापायला घेण्याआधी दोन गोष्टी बघा: चिन्ह बदलतंय का, आणि मध्ये कुठे उडी तर नाही ना?